रीसेल फ्लॅटच्या ओपन हाऊसला नोंदणीचा कागद कसा ठेवायचा, आणि नंतर फॉलोअप कुणाला, किती?

खिडकीपाशी:
आमचा फ्लॅट विकायचाय, रीसेल आहे, मध्ये एजंट नाही, आम्हीच दाखवणार. दर वेळी एकेकाला वेळ देण्यापेक्षा रविवारी सकाळी दोन तास ओपन हाऊस ठेवायचं ठरलंय. बाकी तयारी झाली, अडलंय ते येणाऱ्यांची नावं-नंबर घेण्यापाशी. माझा भाऊ म्हणतो दारात वही ठेव, रांगेने लिहितील. मला ते पटत नाही कारण प्रत्येक जण आधीच्या सगळ्यांचे नंबर वाचणार. पण काहीच घेतलं नाही तर नंतर कुणाला विचारायचं की बाबा आवडला का, परत बघायचाय का? तर तुम्ही कागदावर नेमकं काय विचारता, परवानगी कशी घेता आणि नंतर फोन-मेसेज किती करता ते सविस्तर सांगा. शेजारपाजारचेही डोकावणार हे गृहीत धरलंय.

अण्णा:
सरळ वही ठेवा. नाव, मोबाईल, ईमेल, राहता पत्ता, बजेट, लोन मंजूर आहे का आणि शेवटी सही. सही केली म्हणजे परवानगी दिली, वेगळं काय विचारायचं? आणि नंबर द्यायला तयार नसेल त्याला आत घेऊ नका, आपल्या घरात कोण येऊन गेलं ते आपल्याला माहीत पाहिजे. हा भाग सुरक्षेचा आहे, यात तडजोड नको.

पावसाळी:
अण्णा, मी घर शोधत होते तेव्हाचं सांगते. एका ओपन हाऊसला अशीच वही होती, लिहिलं नाव-नंबर. तो फ्लॅट मला पाच मिनिटांत नको वाटला. पण त्यानंतर कित्येक महिने मला लोनवाले, इंटिरियरवाले, भलत्याच भागातले फ्लॅट विकणारे असे फोन येत राहिले आणि प्रत्येक जण नावाने हाक मारत होता. तो नंबर वहीतून कुणी फोटो काढून नेला की वही ठेवणाऱ्यानेच वाटला हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून मी वही दिसली की नुसतं नाव लिहिते आणि नंबरच्या रकान्यात रेघ मारते. माझ्या मैत्रिणी तर एक आकडा बदलून लिहितात. म्हणजे वही भरलेली दिसते पण उपयोग शून्य.

किल्लीवाली:
मी बरीच वर्षं रीसेलमध्येच काम करतेय म्हणून जरा लांब लिहिते.

खिडकीपाशी, वही नको हे तुमचं अगदी बरोबर आहे आणि पावसाळीने सांगितलं ते मी कितीदा पाहिलंय. खरेदीदार म्हणून आलेला माणूस प्रत्यक्षात दुसरा एजंट असतो, तो फ्लॅट बघायच्या आधी वहीची मागची पानं चाळतो. त्याला तयार गिऱ्हाइकांची यादी मिळाली. त्यामुळे माझ्याकडे एका घराला एक चिठ्ठी, वहीच्या पानाच्या निम्म्या आकाराची. भरून झाली की घडी घालून झाकणाच्या डब्यात. टेबलावर फक्त कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेनं राहतात.

अण्णा दोन गोष्टी एकत्र करतायत. घरात कोण आलं ही एक गोष्ट आणि मी त्याला नंतर फोन करू का ही दुसरी. पहिल्यासाठी दारात उभा असलेला माणूस नाव विचारतो आणि वेळ टिपतो, तेवढं पुरतं. ते पान त्याच्याच हातात राहतं, कुणाला वाचायला मिळत नाही. दुसऱ्यासाठी चिठ्ठी, आणि ती ऐच्छिक. आत शिरायची अट म्हणून घेतलेला नंबर ही परवानगी नाहीच, माणसाकडे दुसरा पर्यायच नव्हता ना. सुरक्षेचं म्हणाल तर नंबरने घर सुरक्षित होत नाही. दागिने, चेकबुक, औषधं, चाव्यांचे जास्तीचे जुडगे आदल्या दिवशी घराबाहेर नाहीतर कुलपात, एक माणूस दारात, एक आत, आणि एका वेळी दोन-तीन कुटुंबांपेक्षा जास्त आत नाही. हे जास्त कामाचं आहे.

बजेट, पत्ता, लोन यातलं काही चिठ्ठीवर नको. ज्याला खरंच घ्यायचाय तो पुढच्या बोलण्यात आपणहून सांगतो. जितके रकाने जास्त तितके लोक चिठ्ठी न भरता निघून जातात.

माझी चिठ्ठी साधारण अशी असते, तुम्ही मालक आहात म्हणून तसे बदल केलेत:

> चिठ्ठी क्र. ____  तारीख ____
> ही चिठ्ठी न भरताही फ्लॅट निवांत बघता येईल.
> नाव: ____
> मी स्वतःसाठी बघतोय / दुसऱ्या कुणासाठी बघतोय
> या फ्लॅटबद्दल पुढे काही असेल तर मला:
> ☐ मेसेज करा  ☐ फोन करा, वेळ ____  ☐ ईमेल करा
> ☐ फक्त प्लॅन आणि कागदपत्रांची यादी पाठवा, नंतर संपर्क नको
> नंबर किंवा ईमेल: ____
> संपर्क फ्लॅटचे मालक (नाव) स्वतः करतील. तुमचा नंबर दुसऱ्या कुणालाही दिला जाणार नाही. व्यवहार पूर्ण झाला की महिन्याभरात ही चिठ्ठी फाडून टाकू. मध्येच कधीही 'नको' असा मेसेज केलात की संपर्क थांबेल.

चौकोन कोरेच छापायचे. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन लोक वाचतही नाहीत आणि नंतर फोन गेला की म्हणतात मी कुठे सांगितलं होतं. आणि सोबतच्या माणसाने 'इथे टिक करा' असं सांगायचं नाही, चिठ्ठी द्यायची आणि बाजूला व्हायचं.

तिसरामजला:
आमच्याकडे वर भाड्याने द्यायचंय एक घर, त्यासाठी पण ही चिठ्ठी चालेल का? आणि भाडेकरूच्या ओळखपत्राची कॉपी ओपन हाऊसच्या दिवशीच घ्यावी की करार करताना? एकाने तर मला घर दाखवायच्या आधीच पगाराची स्लिप आणून दिली.

किल्लीवाली:
तिसरामजला, हा धागा विक्रीचा आहे पण थोडक्यात सांगते, ओळखपत्र आणि पगाराची स्लिप बघायला आलेल्या माणसाकडून अजिबात घेऊ नका, दिली तरी परत करा. ज्याच्याशी करार ठरला त्याच्याकडूनच. दहा जणांची ओळखपत्रं तुमच्या कपाटात पडली तर ती सांभाळायची जबाबदारी तुमची. बाकीसाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

सरळसांग:
कागदावर घेतलं तर ते सगळे डेटाचे कायदे लागतच नाहीत ना? ते ऑनलाईनला असतात. मग एवढं कशाला?

निनाद_व:
सरळसांग, अर्धंच बरोबर आहे. भारताचा २०२३ चा कायदा डिजिटल माहितीसाठी आहे हे खरं, पण कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेली माहितीही त्यात धरलीये. म्हणजे चिठ्ठीवरचा नंबर तुम्ही फोनमध्ये सेव्ह केला किंवा एक्सेलमध्ये टाकला की कागदाचा मुद्दा संपला. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे, तिथे तर नीट लावून ठेवलेल्या कागदी नोंदीही येतात. दोन्हीकडे गाभा सारखाच, कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, माणसाने स्वतः होकार द्यायचा, आणि होकार देणं जितकं सोपं तितकंच तो मागे घेणं सोपं ठेवायचं. एकट्या मालकाने स्वतःचं घर विकणं हे या कायद्यांतून सूट असलेल्या घरगुती कामात धरायचं की नाही यावर वाद घालता येईल, पण किल्लीवाली ताईंची चिठ्ठी वापरली तर तो वाद घालायची वेळच येत नाही.

रेवा२:
कागद कशाला, क्यूआर कोड लावा दारात. स्कॅन केलं, फॉर्म भरला, यादी आपोआप तयार. अक्षर लावत बसायला नको.

किल्लीवाली:
रेवा, चालतो, पण कागदाच्या जोडीला. काहींच्या फोनला रेंज नसते, काहींना दुसऱ्याच्या घरात उभं राहून टाईप करायचा कंटाळा येतो, वयस्क माणसं तर सरळ नाही म्हणतात. आणि गूगल फॉर्म करणार असाल तर सेटिंगमध्ये `View results summary` बंद आहे ना ते नक्की बघा. ते चालू राहिलं तर फॉर्म भरणाऱ्याला बाकीच्यांची उत्तरं बघता येतात, म्हणजे तीच दारातली वही, फक्त घरी बसून वाचता येणारी. छापायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवरून एकदा फॉर्म भरून बघा आणि सबमिट केल्यावर काय काय दिसतं ते तपासा.

अण्णा:
ठीक आहे, नंबर ऐच्छिक ठेवा. पण मग घ्यायचा कधी? येताना घेतला नाही तर जाताना लोक सटकतात, हा माझा अनुभव आहे. दोन-तीन कुटुंबं एकदम निघाली की दारातला माणूस कुणाकुणाला चिठ्ठी देणार?

किल्लीवाली:
अण्णा, हा मुद्दा तुमचा खरा आहे. मी जातानाच देते. कारण फ्लॅट बघून झाल्यावर ज्याने चिठ्ठी भरली तो खरंच विचार करतोय, नंबरही खरा असतो. येताना घेतलेल्यात नको असलेले आणि चुकीचे नंबर जास्त. पण काही मालक येतानाच फ्लॅटच्या माहितीच्या कागदासोबत कोरी चिठ्ठी हातात देतात, भरायची असेल तर जाताना डब्यात टाका म्हणून. तेही चांगलं चालतं, सटकणारे थोडे कमी होतात.

पावसाळी:
माहितीच्या कागदासोबत दिली तर मी भरेन. हातात काही मिळालेलं असतं आणि बघता बघता प्रश्न सुचतात ते त्यावर लिहिता येतात.

खिडकीपाशी:
चिठ्ठीचं समजलं, मनापासून आभार. आता पुढचं सांगा ना. रविवारी दुपारी डबा उघडला, समजा बारा-तेरा चिठ्ठ्या निघाल्या. त्याच दिवशी सगळ्यांना फोन लावायचे का?

किल्लीवाली:
नाही. शेवटचा माणूस गेला की आधी अर्धा तास बसा आणि आठवतंय तोवर प्रत्येक चिठ्ठीच्या मागे एक ओळ लिहा, त्या घराने काय विचारलं, कुठे थांबले. त्या माणसाने उद्या ती ओळ वाचली तर त्याला राग येणार नाही असंच लिहायचं. 'पश्चिमेच्या खोलीत दुपारी ऊन किती ते बघायचंय' हे चालेल. 'नवऱ्याला पसंत, बायको नाटकं करते' असलं काही नको, कारण कुणी म्हणालं माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते दाखवा, तर दाखवता आलं पाहिजे.

मग तीन ढीग. पहिला, ज्यांनी प्रश्न विचारलाय. दुसरा, ज्यांनी संपर्काला होकार दिलाय पण प्रश्न काही नाही. तिसरा, फक्त कागदपत्रं मागितलेले. नंबर दिलाय पण एकही चौकोन टिक केलेला नाही अशी चिठ्ठी हमखास एखादी निघते. ती होकारात धरायची नाही. त्याला वाटलं तर माहितीच्या कागदावर तुमचा नंबर आहेच, तो करेल.

एक उदाहरण देते म्हणजे नीट कळेल. समजा चिठ्ठी क्रमांक ७, नवरा-बायको, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवरचा ओलीचा जुना डाग बघून विचारलं की गळती कधीची आणि काम कधी केलं. टिक फक्त मेसेजवर, फोनवर नाही. तर त्यांना त्याच संध्याकाळी मेसेज जातो: 'नमस्कार, आज सकाळी फ्लॅट बघायला आला होतात, मी त्याची मालक. तुम्ही भिंतीच्या डागाबद्दल विचारलं होतं. वरच्या मजल्यावरच्या नळाची गळती होती, ती दुरुस्त झाली, कामाच्या बिलाचा फोटो सोबत पाठवतेय. भिंत पुन्हा बघायची असेल तर या आठवड्यात संध्याकाळी दाखवू शकते. यापुढे मेसेज नको असेल तर फक्त नको असं कळवा.' बिलाच्या फोटोत प्लंबरचा किंवा वरच्यांचा नंबर दिसत असेल तर तो झाकून पाठवा, तीही दुसऱ्याचीच माहिती. या मेसेजमध्ये 'आवडला का', 'किती देणार' असलं काही नाही, त्यांनी विचारलेल्याचं उत्तर आहे. अशा मेसेजला उत्तर येतं. 'आमच्या फ्लॅटला भेट दिल्याबद्दल धन्यवाद' असा सगळ्यांना एकच छापील मेसेज पाठवला की लोक बघतात आणि सोडून देतात.

उत्तर आलं नाही म्हणून त्यांना फोन करायचा नाही, फोनचा चौकोन कोरा आहे. तीन-चार दिवसांनी एक मेसेज, काही शंका असेल तर सांगा एवढाच, आणि मग थांबायचं.

दुसऱ्या ढिगाला सोमवारी, फोनला टिक असेल तर त्यांनी लिहिलेल्या वेळेतच. उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावायचा नाही, मेसेजला होकार असेल तर एक मेसेज टाकायचा. तिसऱ्या ढिगाला मागितलेली कागदपत्रं पाठवली की त्यांचं काम संपलं, पुन्हा 'मिळाली का' म्हणूनही विचारायचं नाही.

यानंतर खरी बातमी असेल तरच, म्हणजे किंमत बदलली, किंवा कुणाशी बोलणं ठरत आलंय आणि तुम्ही विचारात असाल तर सांगा. हे या फ्लॅटबद्दलच आहे म्हणून त्यांच्या होकारात बसतं. तुमच्या चुलत्यांचा दुसरा फ्लॅट विकायचाय हे बसत नाही.

रेवा२:
व्हॉट्सॅपवर एक ग्रुप केला तर? सगळ्यांना एकदम कळेल किंमत बदलली तर.

निनाद_व:
ग्रुप अजिबात नको. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि खरेदीदार आपसात किंमत बोलायला लागतील ते वेगळंच. ब्रॉडकास्ट लिस्टही इथे उपयोगाची नाही, ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. बारा-तेरा लोकांना एकेक मेसेज पाठवायला कितीसा वेळ लागतो. ईमेल असेल तर सगळ्यांचे पत्ते 'टू' मध्ये टाकू नका, प्रत्येकाला वेगळा.

अजून एक, हे नंबर फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करायची घाई करू नका. बरीच अ‍ॅप्स आपली सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट उचलतात, मग तुमच्याकडे आलेल्या माणसाचं नाव-नंबर कुठे कुठे जातं ते तुमच्या हातात राहत नाही. चिठ्ठीवर बघून नंबर टाईप करूनही मेसेज करता येतो.

सरळसांग:
आणि नंबर वाचता आला नाही तर? माझ्या मेहुण्याचे १ आणि ७ सारखेच असतात.

किल्लीवाली:
चिठ्ठी डब्यात जायच्या आधीच बघायचं. मोठ्याने नंबर वाचून दाखवायचा नाही, बाजूला लोक असतात. बोट ठेवून विचारायचं, हा १ की ७? तिथेच मिस्ड कॉल देऊन खात्री करायचा मोह होतो, तो त्यांना विचारूनच. घरी आल्यावर कळलं की एक आकडा कमी आहे तर ती चिठ्ठी सोडून द्यायची. अंदाजाने आकडा घालून फोन केला तर तो तिसऱ्याच माणसाला लागतो आणि त्याने कसलाच होकार दिलेला नाही.

तिसरामजला:
'नको' म्हणाला त्याची चिठ्ठी लगेच फाडायची ना?

किल्लीवाली:
चिठ्ठी फाडायची, पण नंबर एका वेगळ्या छोट्या कागदावर 'संपर्क नको' म्हणून ठेवायचा, नाव वगैरे काही नको. कारण तुम्ही पुन्हा ओपन हाऊस ठेवलंत आणि त्याची बायको आली, तिने तोच नंबर लिहिला, की तुम्ही नकळत त्यालाच मेसेज कराल. ती नवीन चिठ्ठी असेल तर आधी बघायचं की हा नंबर त्या कागदावर आहे का, आणि असेल तर तिला तिथेच विचारायचं की दुसरा नंबर द्यायचाय का. फ्लॅटचा व्यवहार पूर्ण झाला की तो कागदही जातो.

आणि शेवटचा मेसेज विसरू नका. विकला गेला की ज्यांनी होकार दिला होता त्यांना कळवायचं की फ्लॅट गेला, तुमचा नंबर काढून टाकतेय. किती किमतीला गेला, कुणाला गेला हे सांगायचं नाही. चिठ्ठ्या लगेच मात्र फाडू नका, टोकन झाल्यावरही व्यवहार फिसकटतात, म्हणून चिठ्ठीवर 'व्यवहार पूर्ण झाला की महिन्याभरात' असं लिहिलंय. नोंदणी होऊन किल्ल्या दिल्यावर मोजायला सुरुवात.

अण्णा:
माझा एक प्रश्न राहतो. समजा यांनी दोन महिन्यांनी कंटाळून फ्लॅट एजंटकडे दिला. तो पहिली गोष्ट मागणार म्हणजे आधी कोण कोण येऊन गेलं त्यांचे नंबर. ते द्यायचे की नाही? फ्लॅट तोच आहे, विषय तोच आहे.

किल्लीवाली:
माझ्या मते नाही. चिठ्ठीवर लिहिलंय की संपर्क मालक स्वतः करतील आणि नंबर दुसऱ्याला जाणार नाही. मालकानेच एक मेसेज करायचा की आता अमुक एजंट बघतायत, तुमचा नंबर त्यांना देऊ का. जे हो म्हणतील त्यांचेच द्यायचे. आणि एजंटशी करार करताना आधी येऊन गेलेल्यांपैकी कुणी घेतला तर कमिशनचं काय ते तेव्हाच लिहून घ्या, त्यासाठी यादीतली फक्त नावं दाखवली तर पुरतात का यावर माझे स्वतःचे सहकारीही एकमताचे नाहीत.

निनाद_व:
मला नावंही द्यावीशी वाटत नाहीत. पण एजंटच्या बाजूने बघितलं तर त्याला नावं न बघता 'आधीचे ग्राहक वगळून' असा करार मान्य करणं अवघड आहे. चिठ्ठी क्रमांक आणि तारखांची यादी मालकाने सही करून ठेवायची, वाद झाला तरच त्यातली एक चिठ्ठी उघडायची, असं काही जमेल का?

किल्लीवाली:
विचार करण्यासारखं आहे. मी अजून कुणाला असं करताना पाहिलेलं नाही. कुणी केलं असेल तर लिहा.

पावसाळी:
खिडकीपाशी, बघायला येणारी म्हणून एवढंच सांगते, 'ही चिठ्ठी न भरताही फ्लॅट निवांत बघता येईल' ही ओळ सगळ्यात वर आणि जरा मोठ्या अक्षरात ठेवा. खाली कोपऱ्यात असली की वाचलीच जात नाही.

खिडकीपाशी:
वरच ठेवते, आणि सोबत दारावरही लावते. भावाला दारात उभं करतेय, नाव आणि वेळ तो टिपेल. चिठ्ठ्या माहितीच्या कागदाला क्लिप लावून येतानाच हातात देणार, डबा बाहेर पडायच्या वाटेवर. क्यूआर या वेळी नको. 'दुसऱ्या कुणासाठी बघतोय' असं लिहिणारा एजंट असला आणि त्याने स्वतःचाच नंबर दिला तर त्याला मेसेज त्याच्याच नंबरवर, गिऱ्हाइकाला थेट गाठायचं नाही, बरोबर ना किल्लीवाली ताई?

किल्लीवाली:
बरोबर. गिऱ्हाईक सोबत आलं असलं आणि त्याने वेगळी चिठ्ठी भरली तरच त्याला थेट, आणि तसं करण्याआधी दोघांनाही विचारून घ्या की पुढचं बोलणं कुणाशी करायचं.